दोन पत्रिका, चार स्थिर राशी आणि ‘शून्य अग्नी’चा धसका

वाचकाचं पत्र : आम्ही तीन वर्षं एकत्र आहोत, लग्नाचा विचार चालू आहे. त्याला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळतेय, मला जायचं नाही. या एका विषयावर कित्येक महिने तेच भांडण, तीच वाक्यं आणि मग चार-चार दिवस अबोला. एका ॲपवर दोघांच्या पत्रिका टाकल्या. माझ्यात अग्नी शून्य, वायू शून्य. त्याच्यात अग्नी सात. दोघांकडे स्थिर राशी मात्र भरपूर, म्हणून ‘कायमचा संघर्ष’ असा शेरा. घाबरून एका ज्योतिषांना विचारलं, तर ते म्हणाले, तुझ्यात जल आणि पृथ्वीच नाही, स्थिर राशीत एकही ग्रह नाही. शिवाय चंद्रराशी जुळतात, खुशाल लग्न कर. कोणाचं खरं मानू? तत्त्वं जुळत नसतील तर थांबावं का? माझी जन्मवेळ पक्की आहे, त्याची माहीत नाही. तारीख दोघांची सोबत देते आहे. — गोंधळलेली

प्रिय मैत्रीण,

तुमचं ॲप चुकलेलं नाही आणि ते ज्योतिषीही चुकलेले नाहीत. दोघांनी एकच आकाश पाहिलं, फक्त मोजायला सुरुवात वेगवेगळ्या जागेवरून केली. ॲप सायन राशी वापरतं. सूर्य वसंतसंपाती येतो तो तिथे मेषेचा शून्य अंश. ज्योतिषांचं पंचांग निरयन, तिथे मेषेची सुरुवात ताऱ्यांवरून ठरते. या दोन आरंभांमधलं अंतर म्हणजे अयनांश. तुमच्या दोघांच्या जन्माच्या सुमारास तो चित्रापक्षाच्या गणिताने पावणेचोवीस अंशांच्या जवळपास होता. रास तीस अंशांची. म्हणजे सायन पत्रिकेत एखाद्या राशीच्या पहिल्या पावणेचोवीस अंशांत असलेला ग्रह निरयनात मागच्या राशीत जाऊन बसतो, आणि शेवटच्या सहा-सव्वासहा अंशांतला तेवढा जागेवर राहतो.

एवढ्याने तत्त्वं कशी उलटतात? कारण शेजारच्या दोन राशींचं तत्त्व कधीच एक नसतं आणि चर म्हणजे सुरुवात करणारी, स्थिर म्हणजे धरून ठेवणारी, द्विस्वभाव म्हणजे जुळवून घेणारी रास, हा वर्गही कधीच एक नसतो. ग्रह एक रास मागे सरकला की त्याची दोन्ही लेबलं बदलतात.

तुमचीच पत्रिका घेऊ. नोव्हेंबर १९८९, पौर्णिमेच्या आदल्या रात्रीचा जन्म. सायन पद्धतीने रवी, बुध, मंगळ आणि प्लूटो वृश्चिकेत, चंद्र वृषभेत, शुक्र, शनी, हर्षल, नेपच्यून मकरेत आणि गुरू कर्केत. दहा ग्रहांपैकी पाच जल, पाच पृथ्वी. पाच स्थिर, पाच चर. द्विस्वभाव एकही नाही. आता सगळे पावणेचोवीस अंश मागे न्या. वृश्चिकेतले चारही तुळेत येतात, चंद्र मेषेत, मकरेतले चारही धनूत आणि गुरू मिथुनेत. पाच वायू, पाच अग्नी. पाच चर, पाच द्विस्वभाव. स्थिर एकही नाही. तुमचे दहाही ग्रह राशीच्या सुरुवातीच्या टप्प्यात असल्यामुळे उलथापालथ इतकी पूर्ण झाली. सगळ्यांच्याच पत्रिकेत ती इतकी साफ होत नाही. पण ‘माझ्यात अमुक तत्त्वच नाही’ या वाक्याने जिवाला घोर लावून घेण्याआधी प्रत्येकाने हा एक हिशेब करून पाहावा.

मग दोन्ही पद्धतींत न बदलणारं काही आहे का? आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. दोन पत्रिकांतले ग्रह एकमेकांपासून किती अंशांवर आहेत, हे बदलत नाही. दोघांच्या पत्रिका सारख्याच मागे सरकतात. तुमच्या जन्मांतल्या सव्वादोन वर्षांत अयनांश जो वाढला, तो दोन कलांच्या आत आहे. तुमचा रवी सायन वृश्चिकेत २० अंशांवर आणि त्याचा सिंहेत १६ अंशांवर. निरयनात हेच तुळेत २६ आणि कर्केत २२. दोन्हीकडे अंतर ९४ अंश, म्हणजे साधारण नव्वद अंशांचा, घर्षणाचा मानला जाणारा केंद्रयोग. ॲपच्या हिशेबात तो स्थिर राशींमधला आहे, ज्योतिषांच्या हिशेबात चर राशींमधला. घर्षण आहे यावर दोन्ही पत्रिकांचं एकमत आहे, मतभेद फक्त घर्षणाच्या जातीबद्दल आहे.

इथे राशीचक्राची रचना थोडी समजून घ्यायला हवी, कारण बहुतेक गैरसमज तिथून सुरू होतात. तत्त्वं चार, वर्ग तीन, राशी बारा. प्रत्येक तत्त्व प्रत्येक वर्गाशी एकदाच जोडलेलं. चर अग्नी म्हणजे मेष आणि मेषच. स्थिर जल म्हणजे वृश्चिक आणि तीच. याचा अर्थ असा की दोन वेगळ्या राशींचं तत्त्व जुळलं तर वर्ग जुळूच शकत नाही, आणि वर्ग जुळला तर तत्त्व जुळूच शकत नाही. दोन्ही जुळायचं तर रास एकच लागते. तत्त्व समान असलेल्या राशी एकमेकींपासून पाचव्या-नवव्या, त्यांचा नवपंचम. वर्ग समान असलेल्या राशी चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या, त्यांच्यात केंद्र किंवा प्रतियोग. तेव्हा दोन्ही गोष्टींचे गुण वेगवेगळे मोजून शेवटी बेरीज करणारं कुठलंही गणित जवळजवळ प्रत्येक जोडप्याला नापास करणार. तुम्हाला मिळालेला शेरा याच गणितातून आलेला असावा.

सहसा लोक उलटं समजतात. ‘आम्ही दोघंही स्थिर, म्हणजे स्वभाव सारखे, म्हणजे पटेल.’ वर्ग सारखा म्हणजे वागण्याची रीत सारखी, पण ती ज्या गोष्टीसाठी वापरायची ती गोष्ट वेगळी. दोघंही धरून ठेवणारे. एकाने धरलंय ते दुसऱ्याने धरलेलं नाही. संघर्ष फरकातून येतो हे आपण गृहीत धरतो. तुमच्याकडे तो साम्यातून आलाय.

ते ज्योतिषी ‘चंद्रराशी जुळतात’ म्हणाले तेही बरोबरच. गुणमेलनात भकूट किंवा राशिकूट नावाचा सात गुणांचा भाग असतो. त्यात षडाष्टक म्हणजे सहावं-आठवं, द्विर्द्वादश म्हणजे दुसरं-बारावं आणि नवपंचम या नात्यांना शून्य मिळतं. बाकी सगळ्यांना पूर्ण सात. तुमचा निरयन चंद्र मेषेत, त्याचा मकरेत. चौथं-दहावं नातं, सातपैकी सात. हेच नातं पाश्चात्त्य पद्धतीत चंद्र-चंद्र केंद्रयोग ठरतं आणि तिथले लोक त्यावर भुवया उंचावतात. उलट आपल्याकडे शून्य मिळवणारा नवपंचम तिकडे सगळ्यात लाडका. एकाच कोनाबद्दल दोन परंपरा इतक्या विरुद्ध बोलतात, तेव्हा त्यांचे निकाल एकत्र ढवळून सरासरी काढण्यात अर्थ नसतो. गुणमेलन मुळात चंद्र आणि त्याचं नक्षत्र एवढ्यावरच उभं आहे, रवी-मंगळ-बुधाचं घर्षण त्यात येतच नाही.

आता मी काय करते ते सांगते. चर-स्थिर-द्विस्वभावाची मोजणी मी सायन राशींत करते. या विभागणीचं ऋतूंशी असलेलं नातं तिथेच थेट दिसतं. सायन मेष, कर्क, तुला, मकर यांच्या आरंभी संपात आणि अयनबिंदू येतात, ऋतू सुरू होतो. पुढच्या राशीत तो मुरतो आणि तिसऱ्या राशीत पालटायला लागतो. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीनेही याच ऋतुक्रमाने हे वर्ग समजावले होते. निरयन परंपरेत हे वर्ग आहेतच आणि मुहूर्तशास्त्रात त्यांचा उपयोग चोख होतो: प्रवासाला चर लग्न, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास चर, आणि गृहप्रवेशाला स्थिर. पण दोन माणसांच्या स्वभावांचा तोल मोजण्याची रीत वाढली ती सायन पत्रिकांवर, म्हणून तिचे ठोकताळे मी तिथेच लावते. एखाद्याने निरयनावर मोजायचं ठरवलं तर हरकत नाही, फक्त मग शेवटपर्यंत तिथेच राहावं.

मोजतानाही ॲप दहा ग्रहांना एकेक गुण देतं, ते मला पटत नाही. तुमच्या मकरेतल्या चार ग्रहांपैकी शनी, हर्षल आणि नेपच्यून हे तिघं १९८९ मध्ये जन्मलेल्या प्रत्येकाच्या सायन मकरेत आहेत. हर्षल तिथे १९८८ ते १९९६ च्या सुमारापर्यंत होता, नेपच्यून १९८४ ते १९९८. प्लूटो तर १९८३ ते १९९५ मध्ये बहुतेक काळ वृश्चिकेत. म्हणजे तुमच्या पाच पृथ्वीतत्त्वांपैकी तीन तुमच्या शाळेतल्या अख्ख्या वर्गाची होती. ती तुमच्याबद्दल काय सांगणार? उलट तुमचं लग्न सिंह आहे, आणि ते ॲपने धरलेलंच नाही. लग्न, रवी, चंद्र यांचं वजन मी सर्वात जास्त मानते, मग बुध-शुक्र-मंगळ. गुरू-शनी दुय्यम, आणि हर्षल-नेपच्यून-प्लूटो या मोजणीत घेत नाही.

असं मोजल्यावर चित्र पालटतं. तुमच्या लग्नासकट सहा महत्त्वाच्या जागांपैकी पाच स्थिर: लग्न, रवी, चंद्र, बुध, मंगळ. एकटा शुक्र मकरेत, चर. त्याचे रवी, बुध, शुक्र, मंगळ सिंहेत आणि चंद्र कुंभेत. जन्मवेळ नसली तरी त्या दिवशी चंद्र दिवसभर कुंभेतच होता. पाचही स्थिर. तत्त्वांचा धसका मात्र ओसरतो, कारण तुमचं लग्नच अग्नितत्त्वाचं आहे आणि त्याचे चार ग्रह त्याच राशीत आहेत. हेही दोन्ही पद्धतींत टिकतं: निरयनात तुमचं लग्न कर्क आणि त्याचे ते चारही ग्रह कर्केत. तीन वर्षांपूर्वी तुम्हाला तो चटकन ओळखीचा वाटला असेल, तर त्याची जागा मी इथे दाखवेन.

‘ज्याच्यात जे तत्त्व नाही ते जोडीदाराकडून मिळतं’ हे वाक्य फार फिरतं. त्यात थोडं तथ्य आहे, पण ते अर्धवट सांगितलं जातं. नसलेलं तत्त्व आपण आधी दुसऱ्याकडे कौतुकाने पाहतो, मग ते काम त्याच्यावर सोपवतो आणि शेवटी त्याच कामाबद्दल त्याला बोल लावतो. तुमच्या बाबतीत ते अग्नीपेक्षा वायूचं असेल असं मला वाटतं. तुमच्याकडे वायू खरोखरच नाही, आणि त्याच्याकडे तो फक्त चंद्रात आहे. वायू म्हणजे थोडं दूर उभं राहून विषयाबद्दल बोलणं, दोन्ही बाजू शब्दांत मांडणं. ते तुम्हा दोघांनाही आपोआप येणार नाही. म्हणून ते कागदावर आणावं लागेल. त्याकडे पुढे येते.

आता घर्षणाची नेमकी जागा. तुम्ही दोघंही पौर्णिमेच्या आसपास जन्मलेले. तुमचा रवी-चंद्र वृश्चिक-वृषभ या अक्षावर समोरासमोर, त्याचा सिंह-कुंभ अक्षावर. दोन पत्रिका एकत्र ठेवल्या की चारही स्थिर राशी भरतात आणि पूर्ण चौकट तयार होते. प्रत्येकजण आपल्या अक्षावरचा ताण जन्मापासून सांभाळतो आहे, तो त्याला सवयीचा आहे. नवा आहे तो समोरच्याचा आडवा अक्ष. तुम्ही जे धरून ठेवता ते वृषभेचं ठिकाण, घडी बसलेला दिनक्रम, आणि वृश्चिकेची मनात खोल गेलेली गोष्ट. तो धरून ठेवतो ते सिंहेचं स्वतःच्या निवडीबद्दलचं मानीपण आणि कुंभेचं ‘तत्त्वाचा प्रश्न आहे’. त्यामुळे शहराचा विषय निघाला की तुम्ही मुळं उपटण्याबद्दल बोलता आणि त्याला ऐकू येतं, ‘तुझं यश मला मोठं वाटत नाही.’ तो संधीबद्दल बोलतो आणि तुम्हाला ऐकू येतं, ‘तुझं इथलं सगळं किरकोळ आहे.’ माझा हा अंदाज पत्रिकेवरून आहे, चुकत असेल तर तुमचं खरं वाक्य त्याच्या जागी घाला.

नुसती बेरीज करून थांबलं तर यापुढचं हाती लागत नाही. स्थिर-स्थिर म्हटलं की सगळे ग्रह सगळ्यांशी भांडतात असं नाही, अंश पाहावे लागतात. तुमचा मंगळ वृश्चिकेत पाचाच्या पुढे, त्याचा मंगळ सिंहेत एकवीसच्या पुढे. राशी केंद्रात, पण अंशांत सोळाचा फरक. दोन पत्रिकांच्या तुलनेत मी पाच-सहा अंशांपलीकडे योग धरत नाही, तेव्हा मंगळ-मंगळ टक्कर इथे नाही. पण त्याच्या मंगळाचा तुमच्या बुधाशी केंद्रयोग एका अंशाच्या आसपास आहे आणि तुमच्या मंगळाचा त्याच्या बुधाशीही तसाच. दोन्ही बाजूंनी मंगळ-बुध. तुमच्या भांडणाचा दारूगोळा शब्द आहेत. तो घाईने, ठासून बोलतो आणि ते तुमच्या विचारप्रक्रियेवर आदळतं. तुम्ही कमी बोलता पण नेमकं वर्मी लागेल असं. मग दोघंही स्थिर, म्हणून ते वाक्य कोणीच विसरत नाही आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा बाहेर येतं.

निरयन बाजूने वाचलं असतं तर हेच केंद्र चर राशींतलं. चर-चर घर्षणाची ओळख वेगळी असते: पहिलं पाऊल कोणाचं यावरून ठिणगी, भांडण झटकन पेटतं आणि संध्याकाळपर्यंत विझतं, पण दुसऱ्या दिवशी नव्या विषयावर नवं. द्विस्वभाव-द्विस्वभावात भांडण जवळजवळ दिसतच नाही. दोघंही जुळवून घेतात, बेत रोज बदलतो, आणि वर्षभराने लक्षात येतं की ठरलं काहीच नाही. स्थिर-स्थिरात विषय थोडे असतात, वर्षानुवर्षं तेच असतात, आणि शेवट वादाने न होता गप्प बसण्याने होतो. तुमचं पत्र वाचताना मला शेवटचं वर्णन लागू वाटतं. पण मी ते सांगितलं म्हणून तुम्हालाही तसंच वाटेल, हा धोका आहेच. राशीचं वर्णन आधी वाचलं की कुठलंही आयुष्य त्यात बसवता येतं. म्हणून पत्रिका बाजूला ठेवा आणि शहर सोडून इतर विषयांवरची अलीकडची चार-पाच भांडणं आठवून फक्त तीन गोष्टी लिहा: सुरुवात कोणी केली, किती वेळ चाललं, शेवट कसा झाला. त्यालाही वेगळं लिहायला सांगा. मग पाहा. ती भांडणं चटकन पेटून विझणारी निघाली, तर स्थिर राशींवर मी लिहिलेलं तुमच्या उपयोगाचं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही. अशा मोजणीवरून जोडपं टिकेल की नाही हे सांगता येतं, याला भरवशाचा पुरावा नाही. भांडणाचा आकार ओळखायला एक भाषा म्हणून ती मी वापरते, निकाल द्यायला नाही.

स्थिर घर्षण आहे असं निघालं, तर त्यावरचे उपाय चर किंवा द्विस्वभाव जोडप्यांच्या उपायांहून निराळे असतात. ‘समोरासमोर बसून आजच सोक्षमोक्ष लावा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला चर राशींना लागू पडतो. स्थिर माणसावर बैठकीत दबाव आला की तो आणखी घट्ट होतो. तिथे बदल होतो तो एकट्याने विचार करताना. म्हणून प्रस्ताव आधी लेखी द्यायचा, आणि त्याच दिवशी उत्तर मागायचं नाही. तुमच्या दोघांच्या मंगळ-बुधामुळे हे दुप्पट गरजेचं आहे, कारण लिहिताना वार करणारं वाक्य खोडता येतं. वायूची उणीवही थोडी इथेच भरून निघते.

त्या कागदावर प्रत्येकाने एकच गोष्ट लिहावी, जी आपण सोडू शकत नाही. एकच. स्थिर राशींची अडचण ही की सगळंच सारखं न सोडण्यासारखं वाटतं. एक निवडायला लागलं की बाकीची पकड आपोआप सैल होते. तुमच्या बाजूने ते शहर आहे, की तिथलं तुमचं काम, की एखादं माणूस, की नुसती घडी मोडण्याची धास्ती? त्याच्या बाजूने ती नोकरी आहे, की ‘माझ्या निर्णयाला तू हो म्हणालीस’ हे ऐकणं? शेवटचं असेल तर ते शहर न बदलताही देता येतं.

मग मुदतीचा प्रयोग. कायमचा निर्णय म्हटलं की स्थिर रास पाय रोवते. परत फिरायची तारीख ठरलेली असली तर तीच रास शब्द पाळून प्रयोग पूर्ण करते. सहा महिने तो तिथे, तुम्ही इथे. किंवा तुम्ही काही आठवडे तिथे राहून पाहणं. मुदत संपायची तारीख लिहून ठेवा आणि तोवर विषय काढायचा नाही, हेही ठरवा. द्विस्वभाव जोडप्याला मी याच्या नेमकं उलट सांगेन: तुमचे प्रयोग पुरे झाले, आता एक दार बंद करा. आणि एकजण चर, दुसरा स्थिर असेल तर तिथे भांडण बहुधा वेगाचं असतं. सुरुवात चराने करावी, पण टिकवायचं काय हे स्थिराला ठरवू द्यावं, एवढ्याने बरंच निभतं.

अबोला कोण मोडणार? तुमच्या स्थिर घोळक्यात एक चर ग्रह आहे, मकरेतला शुक्र. तो गोड बोलत नाही, पण काहीतरी ठोस करून सुरुवात करू शकतो: एखादं अडलेलं काम उरकणं, भेटीची वेळ ठरवणं. त्याच्या पत्रिकेत चर आहे तो मेषेतला गुरू, तोही दुय्यम. म्हणून पहिली हालचाल बहुतेक वेळा तुमच्याकडून होईल आणि त्याचा तुम्हाला राग येईल. तो राग रास्त आहे. तेव्हा ती हालचाल ‘माघार’ मानली जाणार नाही असं दोघांनी शांत असताना ठरवून घ्या, आणि अबोल्याला एक दिवसाची सीमा घाला. एक दिवसानंतर विषयावर नाही तरी साधं बोलणं सुरू व्हायलाच हवं.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवते. अबोला ही स्वतःला सावरायची जागा असते तोवर ठीक. तो शिक्षा म्हणून वापरला जात असेल, तो सुरू होईल या भीतीने तुम्ही आधीच गप्प बसत असाल, किंवा बोलण्यात तुच्छता असेल, तर त्याला स्थिर राशीचं नाव देऊन चालवून घेऊ नका. तिथे पत्रिका मिटून ठेवायची आणि समुपदेशकाकडे जायचं.

थांबावं का, हे तुम्ही तत्त्वांच्या आधारे विचारलंय. त्या आधाराने मी थांबा म्हणणार नाही आणि पुढे जा असंही म्हणणार नाही. तुमच्या पत्रिकांत घर्षण आहे, ते थोड्याच जागी आहे आणि त्या जागा माहीत आहेत. मुदतीचा प्रयोग ठरवताना तो कसा वागतो आणि तुम्ही कशा वागता, हे त्या दहा ग्रहांपेक्षा जास्त सांगेल. लग्नाची तारीख त्या प्रयोगाच्या नंतरची धरावी, एवढं मात्र मी नक्की सुचवेन.

जमलं तर त्याची जन्मवेळ शोधा. जन्मदाखल्यावर बहुधा नुसती तारीख असते. रुग्णालयाची नोंद किंवा घरातली जुनी वही पाहावी लागेल. ‘सकाळी कधीतरी’ चालणार नाही, कारण लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते आणि तिच्याबरोबर तत्त्व आणि वर्ग दोन्ही बदलतात. लग्न मिथुन किंवा तुला निघालं तर दोघांत जो वायू कमी आहे तो त्याच्या सहज बोलण्यात आहे, आणि लेखी प्रस्तावाऐवजी त्याला बोलून मांडणं सोपं जाईल. कन्या, धनू किंवा मीन निघालं तर वाकण्याची जागा त्याच्याकडे आहे, फक्त ती आजवर कोणी मागितलेली नाही. आणि तेही स्थिरच निघालं, तर मुदतीची तारीख कागदावर दोघांच्या सहीने लिहा.